एका टक्क्यासाठी पाटल्या गहाण

(मंडळाच्या जुलै २०२५ मधील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



म्युच्युअल फंडावर बोलायला कुणीतरी जाणकार हवा होता. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली माणसं. कुठल्या फंडाचे एजंट नाही, काही विकायला आलो नाही. कार्यवाह म्हणाले, "तुम्हाला नुकताच चटका बसलाय, तेवढंच सांगा." तेवढंच सांगतो. चटका लहान आहे, पण तो कसा बसला हे बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांना उपयोगी पडेल. पूर्वी आपल्याकडे पैसा पोस्टात, सोसायटीत किंवा सोन्यात असायचा. आता बहुतेक घरांत एखादी तरी एसआयपी चालू आहे. पैसे घालायचे कसे हे सगळे सांगतात. काढायचे कधी, हे कुणी सांगत नाही.

आमची गोष्ट अशी. जानेवारी २०२२ पासून आम्ही उभयतांनी दर महिन्याच्या १० तारखेला पाच हजारांची एसआयपी ईएलएसएस फंडात सुरू केली. ईएलएसएस म्हणजे कर वाचवणारा इक्विटी फंड. त्याला तीन वर्षांचा लॉक-इन असतो, म्हणजे तीन वर्षं पैसे काढताच येत नाहीत. आम्ही सरळ हिशोब केला की जानेवारी २०२५ ला तीन वर्षं झाली, आता सगळं मोकळं. जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे दीड लाख भरायचे होते. स्टेटमेंटवर अडीच लाखांच्या आसपास रक्कम दिसत होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

काढायला गेलो तेव्हा फक्त सहा हप्ते मोकळे निघाले.

याचं कारण असं की लॉक-इन खात्याला नसतो, प्रत्येक हप्त्याला असतो. प्रत्येक हप्त्याचे युनिट ज्या दिवशी मिळाले त्या दिवसापासून त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात. जानेवारी २०२२ चा हप्ता जानेवारी २०२५ ला सुटला, फेब्रुवारीचा फेब्रुवारीत, आणि जून २०२२ चा या जूनमध्ये. तोवर आम्ही बेचाळीस हप्ते भरले होते, म्हणजे दोन लाख दहा हजार. त्यातले तीस हजार मोकळे होते, वाढीसकट सुमारे चाळीस हजार हाती आले. उरलेले छत्तीस हप्ते, म्हणजे मूळचे एक लाख ऐंशी हजार, कुलपातच राहिले. या जूनमध्ये भरलेला शेवटचा हप्ता जून २०२८ ला सुटेल.

त्या दिवशी राग आला. नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की हे कुलूप इतकं वाईटही नाही. जून २०२६ पर्यंत पुढचे बारा हप्ते सुटतात, म्हणजे मूळचे साठ हजार. त्याच्या पुढच्या जूनपर्यंत आणखी साठ, आणि २०२८ च्या जूनपर्यंत शेवटचे साठ. मुलीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या फीला ते बरोबर पुढ्यात येतात. हाच कागद २०२२ साली केला असता, तर पहिल्या वर्षाची फी यातून निघणार नाही हे तेव्हाच दिसलं असतं. ज्यांना फीची तारीख आधीच माहीत आहे त्यांनी ईएलएसएसचा पहिला हप्ता पाहू नये. शेवटचा कधी सुटतो ते पाहावं.

आणखी एक चूक आमचीच. ईएलएसएस घेतला तो ८०सी च्या सवलतीसाठी. पण आम्हा कर्नाटक सरकारच्या नोकरांच्या पगारातून केजीआयडी जातो, एनपीएस जातो, त्यातच त्या दीड लाखाचा मोठा भाग भरतो. पुढे आम्ही नवी करप्रणाली घेतली. तिच्यात ही सवलत नाहीच. म्हणजे करात एक रुपया वाचत नसताना दर महिन्याला पाच हजार नव्या तीन वर्षांच्या कुलपात टाकत होतो. या महिन्यापासून ती एसआयपी थांबवली. एसआयपी थांबवली म्हणून जुने हप्ते लवकर सुटत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. आणि हे कुलूप पक्कं असतं. या काळात ते युनिट बँकेत तारण ठेवता येत नाहीत. गुंतवणूकदार गेला तर वारसालाही युनिट मिळाल्यापासून एक वर्ष झाल्यावरच काढता येतात.

आता पाटल्यांकडे येतो. एक लाख दहा हजार कमी पडत होते. आमच्याकडे दुसरा, साधा इक्विटी फंड होता. २० ऑगस्ट २०२४ ला त्यात दोन लाख एकरकमी घातले होते. मधे बाजार पडून पुन्हा सावरला होता, त्यामुळे जूनमध्ये रक्कम जवळजवळ तेवढीच होती. लॉक-इन नव्हता. फक्त एक अट होती की एका वर्षाच्या आत काढले तर एक टक्का एक्झिट लोड. हा शब्द ऐकून आम्हाला दंडच वाटला. वर्ष पुरं व्हायला दोनच महिने राहिले होते. सौ. म्हणाली, "कशाला दंड भरायचा? माझ्या पाटल्या ठेवू." ठेवल्या. वार्षिक बारा टक्क्यांनी एक लाख दहा हजार उचलले.

बारा टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला एक टक्का. एक्झिट लोड एकदाच एक टक्का, म्हणजे सुमारे अकराशे रुपये. कर्जाचे अकराशे पहिल्याच महिन्यात गेले, दुसऱ्या महिन्यात आणखी अकराशे. फंडात नफा नव्हताच, त्यामुळे कराचाही प्रश्न नव्हता. अकराशे वाचवायला आम्ही बावीसशेच्या वर घालवतोय, आणि दागिना परक्याच्या तिजोरीत.

मंडळी, लॉक-इन आणि एक्झिट लोड ही दोन वेगळी जनावरं आहेत. लॉक-इन म्हणजे बंद दार. एक्झिट लोड म्हणजे उघडं दार, बाहेर पडताना थोडी जकात. तो दंडही नव्हे. लवकर पैसे काढणाऱ्यामुळे फंडाला शेअर विकावे लागतात, त्याचा खर्च मागे राहिलेल्यांवर पडू नये म्हणून तो घेतात. २०१२ पासून सेबीच्या नियमाने ती रक्कम कंपनीच्या खिशात न जाता त्याच योजनेत जमा होते. पण एक गोष्ट नीट ऐका. हा लोड नफ्यावर नसतो, काढलेल्या संपूर्ण रकमेवर असतो. तोटा असला तरी लागतो.

मग थांबणं नेहमीच चुकीचं का? नाही. समजा तेच दोन लाख वर्षाला एक महिना कमी असताना दोन लाख वीस हजार झालेत आणि सगळे काढायचे आहेत. लोड बावीसशे रुपये. शिवाय बारा महिन्यांच्या आत इक्विटी फंड विकला की नफ्यावर २० टक्के कर. लोड वजा जाता नफा सतरा हजार आठशे, त्यावर सेससकट सुमारे सदतीसशे. एकूण एकोणसाठशे गेले. महिनाभर थांबलो तर लोड नाही, आणि वर्षानंतरचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त, म्हणून करही नाही. एक महिन्याच्या कर्जाचं व्याज बावीसशे. इथे महिनाभर उसनवारी करणं परवडतं. दोन महिने थांबावं लागलं तरी कागदावर परवडतं, तीन महिन्यांना नाही. 'कागदावर' असं मुद्दाम म्हटलं. एकोणसाठशे रुपये म्हणजे दोन लाख वीस हजारांचे पावणेतीन टक्के, आणि तेवढा बाजार एका आठवड्यातही पडतो. म्हणून फीची तारीख पक्की असेल तर आम्ही थोडे दिवसच थांबू, महिने नाही.

आणि फंडच बिघडतोय असं दिसत असेल, तर एका टक्क्यासाठी थांबूच नये. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. लॉक-इन नव्हता, तरी पैसे अडकले. आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की युनिटधारकांच्या बहुमताच्या संमतीशिवाय योजना अशा बंद करता येणार नाहीत. पुढे पैसे मिळाले, पण टप्प्याटप्प्याने.

साध्या फंडातल्या एसआयपीलाही लोड हप्त्याहप्त्याने लागतो. मात्र काढताना जुने युनिट आधी निघतात. अडीच वर्षं हप्ते भरले असतील तर पहिल्या दीड वर्षाचे युनिट लोडशिवाय निघतात, फक्त शेवटच्या बाराच हप्त्यांवर लोड. म्हणून "एसआयपी चालू आहे, आत्ता हात लावला तर लोड लागेल" ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. एका फंडातून दुसऱ्यात स्विच करणं मात्र विक्रीच धरतात. लोड लागतो, कर लागतो, आणि नव्या फंडात घड्याळ पुन्हा शून्यापासून. ज्यांना सहा महिन्यांत पैसे लागणार त्यांनी लिक्विड फंड पाहावा. त्यात लोड फक्त पहिल्या सहा दिवसांत, तोही पहिल्या दिवशी लाखाला सात रुपये.

तारखांचं एक सांगतो. घड्याळ चेक दिल्याच्या दिवसापासून चालत नाही, युनिट मिळाल्याच्या दिवसापासून चालतं. फंडाच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक खरेदीची ओळ, तारीख आणि युनिट असतात. आम्ही आता एका वहीत प्रत्येक ओळीपुढे सुटण्याची तारीख लिहिली आहे. काठावरच्या दिवशी अर्ज देत नाही, काही योजनांत वर्ष लिहिलेलं असतं, काहींत ३६५ दिवस. एक-दोन दिवस पुढे गेलेलं बरं.

आमचं वर्ष २० ऑगस्टला भरतं. शुक्रवारी, २२ तारखेला दुपारी तीनच्या आत अर्ज देणार. इक्विटी फंडाचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात, मधे शनिवार-रविवार, म्हणजे मंगळवारी २६ ला. बुधवारी गणेश चतुर्थी, त्या दिवशी मुंबईचा बाजार बंद असतो. एक दिवस चुकला तर पैसे गुरुवारवर जातात. मंगळवारी पैसे आले की आम्ही दोघं सुट्टी टाकून बँकेत जाणार आणि पाटल्या सोडवून आणणार. गौरी रविवारी येतात.