पाहणारा कोणी नसताना



कोणी पाहत नसतानाही माणसाने सचोटीने का वागावे, या विषयावर मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत. देव पाहतो, अथवा लबाडी केव्हातरी उघडकीस येतेच, ही उत्तरे तुम्ही अनेकवार ऐकली असतील. पहिल्या उत्तराविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. दुसरे मात्र खरे नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पुष्कळ लबाडी कधीच उघडकीस येत नाही. म्हणून मी तुम्हांला तिसरे उत्तर देणार आहे. ते मला एका विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीने शिकविले.

मी स्वतः केवळ मॅट्रिक झालेला, गणित शिकविणारा मास्तर. एके वर्षी विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळे प्रयोगाचे तासही माझ्याकडे आले. प्रयोग लंबकाचा होता. दोऱ्याला धातूचा गोळा टांगावयाचा, त्याला हलका झोका द्यावयाचा, वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात हे स्टॉपवॉचवर पाहावयाचे आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा अंक काढावयाचा. पुस्तकात हा अंक ९८१ दिलेला असे. खोलीत सात-आठ लंबक होते आणि मी एकटाच. तेव्हा मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळ एकांतच येई.

तपासावयास आलेल्या वह्यांपैकी तीन वह्या फार सुबक होत्या. दोऱ्याची लांबी १०० सेंटिमीटर असता वेळ ४०.१२ सेकंद, ८० असता ३५.८८ आणि ६० असता ३१.०८, तिन्ही वेळा उत्तर ९८१. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. चौथी वही डागाळलेली होती. तीत याच लांबींना ३८.२, ३४.२ आणि २९.६ सेकंद असे वेळ होते, आणि उत्तरे आली होती १०८२, १०८० आणि १०८१. मी त्या वहीवर लाल शाईने ‘चूक’ असे लिहिले आणि निम्मे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, “सर, उत्तर चुकले आहे हे मला वहीत लिहितानाच कळत होते. पण घड्याळाने जे दाखविले तेच लिहिले. माझे काय चुकले ते सांगाल का?”

मला ते सांगता येईना. मी त्याची वही घरी नेली. दिव्यापाशी बसून पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. त्याची उत्तरे चुकीची होती खरी, पण तिन्ही एकाच बाजूला आणि जवळजवळ सारखीच चुकली होती. हात थरथरला असता किंवा लक्ष उडाले असते, तर एक उत्तर वर आणि एक खाली गेले असते. इतकी इमानी चूक कोणत्यातरी एकाच कारणातून आली असली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्यासमोर प्रयोग करावयास लावला. त्याने गोळा सोडला, घड्याळाचा खटका दाबला आणि त्याच क्षणी तो म्हणाला, “एक!” कारण सापडले. घड्याळ सुरू होते त्या क्षणी एकही हेलकावा पुरा झालेला नसतो. तेथे ‘शून्य’ म्हणावयाचे असते. ‘एक’पासून आरंभ केल्यामुळे ‘वीस’ म्हणेपर्यंत हेलकावे एकोणीसच होत होते. त्याचेच जुने वेळ घेऊन आम्ही विसाऐवजी एकोणिसाने भागले. उत्तरे आली ९७७, ९७५ आणि ९७६. आपल्या महाराष्ट्रात तो अंक वस्तुतः ९७८ हून किंचित अधिक आहे. पुस्तकातील ९८१ हा उत्तरेकडील थंड देशांचा. म्हणजे त्या मुलाची घड्याळावरची नजर उत्तम होती, चूक केवळ मोजणीच्या पहिल्या शब्दात होती.

मग मी त्या तीन सुबक वह्या पुन्हा उघडल्या. आमचे स्टॉपवॉच सेकंदाचा पाचवा भाग दाखवीत असे. त्यावर ४०.० दिसेल, ४०.२ दिसेल, ४०.१२ दिसणे शक्यच नाही. मुलांनी ९८१ हे उत्तर आधी धरून, उलट गणित करून वेळ लिहिले होते. गणिताचा मास्तर असूनही हे मला पहिल्या दिवशी दिसले नाही, कारण मला हवे ते उत्तर तेथे होते. खोट्याला मी बक्षीस दिले होते आणि खऱ्याला शिक्षा. मी वर्गात उभे राहून तसे सांगितले आणि गुण बदलले.

येथवर गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, लबाडी उघडकीस आलीच की! परंतु तीच मुले जराशी हुशार असती, त्यांनी ४०.१२ ऐवजी ४०.२ लिहिले असते, तर मला जन्मात कळले नसते. तरीही नुकसान तेवढेच झाले असते. कदाचित त्यांच्यापैकी एखादाही ‘एक’पासूनच मोजत असेल. त्याच्या वहीत ती चूक दिसतच नव्हती. मग ती सुधारणार कोण? खोटा आकडा मास्तराला फसवितो ही लहान गोष्ट. चूक शोधण्याची वाटच तो पुसून टाकतो, ही मोठी गोष्ट.

हेच मोठ्या प्रमाणावर इंग्लंडात घडले. लॉर्ड रॅले हे शास्त्रज्ञ नायट्रोजन वायूचे वजन करीत होते. एकाच काचेच्या गोलात हवेतून काढलेला नायट्रोजन भरला तर वजन सुमारे २.३१ ग्रॅम येई आणि रासायनिक पदार्थांपासून काढलेला भरला तर सुमारे २.३० ग्रॅम. फरक हजारात पाच! ही तफावत त्यांनी सरासरीत बुडविली असती, तर प्रयोगशाळेत हात धरणारे कोणी नव्हते. परंतु तफावत याहून लहान दिसत होती तेव्हाच, १८९२ साली, त्यांनी ती ‘नेचर’ नियतकालिकात छापून, याचे कारण कोणी सुचवील काय, असे विचारले. पुढे विल्यम रॅम्झे त्यांना येऊन मिळाले आणि १८९४ साली दोघांनी जाहीर केले की हवेत आजवर कोणाला ठाऊक नसलेला एक जड वायू आहे. तोच आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो शेकडा एक भागाच्या जवळपास असतो. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. तो वायू त्या लहानशा तफावतीत दडलेला होता.

म्हणून जाता जाता एक साधा पाठ देतो. प्रयोगाचा आकडा दिसताक्षणी शाईने लिहा, उत्तर मागाहून काढा. चुकला असे वाटले तर खोडरबर लावू नका. एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा, म्हणजे जुनाही वाचता येईल. आणि उत्तर विचित्र आले तर ते तसेच ठेवून शिक्षकांकडे जा. शिक्षकांनी त्यावर रागाने ‘चूक’ लिहिलेच, तर त्या मुलाप्रमाणे नम्रपणे विचारा, “माझे काय चुकले ते सांगाल का?” कदाचित त्यांनाही त्या रात्री दिव्यापाशी बसून काही नवे शिकावे लागेल.