९९ दिसलं की का दचकायचं?

मी मेडिकल वॉर्डातली स्टाफ नर्स. आज सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन कसा द्यायचा, यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. पल्स ऑक्सिमीटरवर ९९ दिसलं की नातेवाईक खूश होतात, पण सीओपीडीचा पेशंट ऑक्सिजनवर असेल तर मी दचकते. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या अशा पेशंटचं टार्गेट असतं ८८ ते ९२.

का, ते सांगते. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःच आवळून धरतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. आपण भरमसाठ ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या सैल होतात. रक्त पुन्हा खराब भागात जातं आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन तो कमी वाहून नेतं. ‘ऑक्सिजन दिला की श्वास घ्यायची इच्छाच जाते’ असं आपल्याला शिकवतात, पण तो या गोष्टीचा छोटा भाग आहे.

आता एक केस. साठीच्या मावशी, आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण तीसेक वर्षं चुलीपुढे गेलेली. (सीओपीडी म्हणजे सिगारेटवाले काका, एवढंच डोक्यात ठेवू नका.) धाप वाढली म्हणून आणलं, तेव्हा रिझर्व्हॉयर बॅगचा मास्क लावलेला, फ्लो १५ लिटर, सॅच्युरेशन ९९. मुलगा म्हणाला, “सिस्टर, आई आता शांत झोपलीय.” हाक मारली तर डोळे उघडायच्या, एक शब्द बोलून परत मिटायच्या. हात गरम, नाडी ठणठण लागणारी. पूर्ण एक मिनिट मोजले तर श्वास १२ आणि उथळ. हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडले. ही झोप नव्हती, कार्बन डायऑक्साइडची गुंगी होती.

डॉक्टरांना लगेच बोलावलं. एबीजीत पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइड ७८. तो साधारण ४५ च्या आत हवा. अशा वेळी ऑक्सिजन काढून पेशंटला एकदम साध्या हवेवर टाकायचं नाही, सॅच्युरेशन धाडकन आधीपेक्षाही खाली जाऊ शकतं. डॉक्टरांनी २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क सांगितला आणि बायपॅपची तयारी करायला लावली.

व्हेंच्युरीच का? नाकातल्या नळीने २ लिटर दिले तर बाकीची हवा पेशंट खोलीतून ओढतो. तो जोरात श्वास घेतोय की हळू, यावर टक्केवारी बदलते. स्थिर पेशंटला नळी छान, जेवता-बोलता येतं. व्हेंच्युरीत मात्र ऑक्सिजनचा झोत बारीक छिद्रातून जाताना बाजूची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढतो. २८ च्या व्हॉल्व्हला ४ लिटर दिले की मिनिटाला साधारण ४४ लिटर मिश्रण तयार होतं. नुसता फ्लो वाढवून टक्के वाढत नाहीत, त्यासाठी व्हॉल्व्ह बदलावा लागतो. रंग पाठ करू नका, कंपनीगणिक फरक पडू शकतो. व्हॉल्व्हवर छापलेले टक्के आणि लिटर वाचा. आणि थंडी वाजते म्हणून पांघरूण वर ओढलं जातं, तेव्हा ती हवेची छिद्रं झाकली जात नाहीत ना, ते बघा. झाकली तर आत हवा कमी जाते आणि टक्केवारी गुपचूप वाढते.

बायपॅप सुरू झाल्यावर तासाभराने पीएच ७.३१ वर आला. मावशी डोळे उघडून म्हणाल्या, “हे तोंडावरचं काढा बाई.” कुरकुर ऐकून इतका आनंद क्वचितच होतो.

आता नोट्स. ‘ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९०’ या नोंदीवरून पुढच्या शिफ्टला काही कळत नाही. ९० कशावर? मी असं लिहिते: ‘रात्री २.१०. व्हेंच्युरी २८ टक्के, ४ लिटर. सॅच्युरेशन ९०, टार्गेट ८८–९२. श्वास २२, मानेचे स्नायू वापरतात. हाकेला जाग, पूर्ण वाक्य बोलतात. दोन्ही बाजूंना व्हीझ. डॉक्टरांना कळवले.’ यातलं ‘पूर्ण वाक्य बोलतात’ फार कामाचं. पुढच्या फेरीला मावशी दोन शब्दांवर अडखळल्या, तर आकडा तोच असला तरी बिघडतंय हे कळतं.

नेब्युलायझेशन शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरवर द्या. ऑक्सिजनवरच द्यावं लागलं तर ६ मिनिटांत थांबवून पेशंटला परत व्हेंच्युरीवर आणा. घरी कॉन्सन्ट्रेटर असेल तर बरं वाटावं म्हणून नॉब फिरवू नका. डॉक्टरांनी सांगितलेले लिटर मशीनवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. मावशींच्या मुलाने डिस्चार्जच्या दिवशीच ते केलं, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने ‘८८–९२’ लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी अँब्युलन्समध्ये दाखवता येईल.

पुढच्या भागात एबीजीचा रिपोर्ट वाचू. भेटू.