पाचशे फॉलोअर आणि त्यांत न मोजलेल्या तुम्ही



बचतगटांसाठी आम्ही जो छोटा पॉडकास्ट करतो, त्याला या महिन्यात ५०० फॉलोअर पूर्ण झाले. आमचा हा पहिला टप्पा. त्याबद्दल तुमचे आभार मानायला आज आले आहे. पण हे आभार नेमके कोणाचे, ते जरा उलगडून सांगते.

सामुदायिक रेडिओचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, तीही अशीच आपल्या भागासाठी बोलते. रेडिओ कोण ऐकतंय, हे मात्र यंत्राला कळत नाही. कुणाचा फोन आला, कुणी बाजारात भेटून सांगितलं, तरच समजतं. पॉडकास्टचं तसं नाही. तो मोबाइलवर हवा तेव्हा ऐकता येतो आणि किती जणींनी ‘फॉलो’चं बटण दाबलं तो आकडा आम्हाला दिसतो.

पण हा आकडा खात्यांचा असतो, बायांचा नसतो. एका गटाचं उदाहरण सांगते. गटात दहा जणी. बटण दाबलेले फोन तीन, त्यातले दोन मुलांचे. बैठकीत मात्र एकच फोन मध्ये ठेवून दहाही जणी ऐकतात. म्हणजे ऐकणाऱ्या दहा आणि आमच्याकडे त्या दिवशी दिसतं एकदाच ऐकलेलं. उलट, कुणी बटण दाबून पुढे एकही भाग ऐकला नाही, तरी ती फॉलोअर म्हणून मोजली जातेच.

दुसरं असं, की आठ मिनिटांचा भाग आम्ही हलका करून, साधारण ४ एमबीचा, व्हॉट्सॲपवरही पाठवतो. अकोल्याच्या डोंगराकडे रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्यायचा आणि मग घरी ऐकायचा. ही फाइल तुम्ही पुढे पाठवली की ती मोजणीत कुठेच येत नाही. मग ती किती फिरली, हे कसं ओळखायचं? एकदा आमचाच भाग एका मावशींकडून आम्हाला परत आला, तोही दोन बाणांची खूण घेऊन! ही खूण पाच किंवा जास्त वेळा हातोहात पुढे गेलेल्या निरोपावर येते. अशा पुढे पाठवणाऱ्या बायांचे आभार मला सगळ्यांत आधी मानायचे आहेत.

आता ज्यांनी बोलून कळवलं, त्यांचे. कुठल्या मिनिटाला किती जणींनी ऐकणं थांबवलं, याचा आलेख आम्हाला दिसतो. थांबलेल्या जागा विखुरलेल्या असतील, तर बहुधा रेंज गेलेली असते. सगळ्या एकाच जागी थांबल्या, तर कारण त्या बोलण्यातच असतं. कर्जाच्या व्याजाच्या भागात चौथ्या मिनिटाला तसंच झालं. कंटाळा आला असेल, असं आम्हाला वाटलं. पण एका ताईंचा आवाजी निरोप आला, “अगं, कंटाळा नाही, आम्ही वही आणायला उठलो!”

चौथ्या मिनिटाला हिशेब होता. १०,००० रुपये कर्ज, महिना १ टक्का व्याज, दरमहा १,००० मुद्दल अशी दहा महिन्यांत फेड. मूळ रकमेवरच व्याज धरलं, तर दर महिन्याला १००, म्हणजे एकूण १,००० रुपये. उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर पहिल्या महिन्यात १००, मग ९०, मग ८०, असं करत शेवटी १०. बेरीज ५५०. टक्का एकच, पण फरक ४५० रुपयांचा. हे नुसतं कानाने ऐकून कसं लक्षात राहणार? त्या ताईंच्या निरोपानंतर आम्ही प्रत्येक आकडा दोनदा सांगतो आणि हिशेबाच्या आधी, “वही-पेन घ्या,” म्हणून क्षणभर थांबतो. आलेख फक्त जागा दाखवतो. कारण ताईंनी सांगितलं, म्हणून कळलं.

म्हणून ज्यांनी बटण दाबलं त्यांचे आभार, आणि ज्यांच्याकडे दाबायला स्वतःचा फोनच नाही त्यांचेही.

यापुढे भाग ऐकलात, की गटाच्या सचिवताईंनी तीनच गोष्टी आवाजी निरोपात सांगाव्यात. गाव कोणतं, एका फोनभोवती किती जणी बसल्या होत्या आणि भाग थांबवला असेल तर कुठे व कशासाठी. नाव सांगायची गरज नाही. हे तीन शब्द आले, की पुढच्या टप्प्याला आम्ही फॉलोअर नाही, ऐकणाऱ्या बाया मोजू.

पुढचा भाग गटाच्या वहीतल्या दंडाच्या रकान्यावर आहे. वही जवळ ठेवूनच ऐका.