न केलेला खाडा

(रत्नागिरीतील कामगार बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

आपल्यापैकी बऱ्याच जणी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा बंदराजवळच्या मासळीच्या कारखान्यांत काम करतात. तिथली एक तक्रार मी वारंवार ऐकते. बाई कामावर होती, पण पगाराच्या चिठ्ठीवर तिचा खाडा लागला. चिठ्ठीत त्याला ‘एलओपी’ म्हणतात, म्हणजे बिनपगारी दिवस. हा पगार परत कसा मागायचा, आणि मागताना कुठली सही मुळीच करायची नाही, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

आधी हे घडते कसे ते पाहू. हजेरी आता अंगठ्याच्या यंत्रावर लागते. दिवसभर बर्फात आणि क्लोरीनच्या पाण्यात कोळंबी सोलणाऱ्या, म्हाकूल साफ करणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी सुरकुतते, रेषा झिजतात. यंत्र अंगठा घेत नाही. मागे रांग लागलेली असते, पाळी सुरू होत असते. वॉचमन म्हणतो, “जा आत, मी लिहून ठेवतो.” तो वहीत नाव लिहितोही. पण पगार करणाऱ्या संगणकाला वॉचमनची वही दिसत नाही. त्याला फक्त यंत्र दिसते, आणि यंत्रात नोंद नाही म्हणजे खाडा.

एका बाईची हकीकत सांगते. तिचे आणि कारखान्याचे नाव घेत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये १२, १३, १५ आणि १६ या चार तारखांना यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. १४ तारखेला रविवार होता. रविवारच्या दोन्ही बाजूंना खाडा असला तर रविवारही बिनपगारी धरायचा, असा त्या कंपनीचा नियम. म्हणजे चार दिवसांचे पाच झाले. पगार १४,३०० रुपये, सव्वीस दिवसांच्या हिशेबाने रोजचे ५५०. हातात २,७५० रुपये कमी आले.

ती एचआरच्या साहेबांकडे गेली. साहेब काही वाईट बोलले नाहीत. म्हणाले, “ताई, एवढंच ना? चार दिवसांच्या रजेचा अर्ज द्या, तुमच्या शिल्लक रजेतून भरून काढू. पैसे येतील.”

मैत्रिणींनो, इथेच थांबायचे. हा अर्ज द्यायचा नाही. रजेचा अर्ज म्हणजे ‘त्या दिवशी मी कामावर नव्हते’ असे आपल्याच हाताने लिहून देणे. पैसे येतील, पण आपल्याच रजेतून येतील. काम केले तेही आपण, आणि त्या कामाची किंमत मोजली तीही आपणच. उद्या भांडण वर गेले, तर तोच कागद आपल्यापुढे ठेवला जाईल.

दुसरेही एक कारण आहे. मस्टरवरून गेलेला दिवस फक्त पगारातून जात नाही. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत काम थंडावते. ज्यांना हंगामातच बोलावतात, त्यांच्यासाठी हे ८० दिवस मोजूनमापून भरतात. म्हणून मागायचे ते फक्त पैसे नाहीत. तो दिवसच परत मागायचा.

त्या बाईने आमच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. त्याआधी एक काम केले. त्या चार दिवशी आपले नाव किंवा सही कारखान्यात कुठे कुठे पडली असेल, ते आठवले. फाटकावरची वही होतीच. निर्यातीच्या कारखान्यात पाळी सुरू होताना बायकांचे हात, नखे, जखमा तपासतात, त्याचा तक्ता असतो. कुठल्या टेबलावर किती किलो माल झाला, त्याचा कागद असतो. कंपनीच्या बसची यादी असते. हे सगळे कागद कंपनीच्याच ताब्यात असतात. ते आपल्याला मिळाले नाहीत तरी चालेल. कुठल्या कागदात काय सापडेल, एवढे अर्जात लिहायचे.

अर्ज असा होता: “दिनांक १२, १३, १५ व १६ डिसेंबर २०२५ रोजी मी सकाळच्या पाळीत पूर्ण वेळ काम केले आहे. यंत्राने अंगठा न घेतल्याने फाटकावरील वहीत नोंद केली आहे. त्या दिवसांचे हात तपासणीचे तक्ते व टेबलाचे वजनाचे कागद पाहावेत. या चार दिवसांची व त्यामुळे कापलेल्या १४ तारखेच्या रविवारची बिनपगारी रद्द करावी, मस्टरवर हजेरी दुरुस्त करावी, आणि फरक पुढील पगारात ‘मागील वेतन’ म्हणून दाखवावा. मी रजा घेतलेली नाही.” दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर तारीख आणि पोचेची सही घेतली.

जानेवारीच्या पगारात २,२०० रुपये आले, ‘इतर’ या नावाखाली. रविवार आलाच नाही, मस्टर तसेच, आणि ‘इतर’ म्हणून आलेल्या रकमेवर फंडाची वर्गणीही धरलेली नव्हती. घरचे म्हणाले, मिळाले ते पुष्कळ झाले, आता साहेबाशी वाकडे कशाला? तिने पहिल्या अर्जाचा हवाला देऊन दुसरा अर्ज दिला. पुढच्या महिन्यात रविवारचे ५५० आले, फंडाचा हिशेब झाला, मस्टरवर पाचही दिवस दुरुस्त झाले. अंगठा लागला नाही तर त्याच दिवशी सुपरवायझरची सही असलेली चिठ्ठी द्यायची, अशी पद्धत सगळ्यांसाठीच सुरू झाली.

कंपनीने ऐकलेच नसते तर? पूर्वी यासाठी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्या कलम २० प्रमाणे गैरहजेरीसाठी पगार कापायचा तो खरोखर गैरहजर असलेल्या काळापुरताच. कलम ४५ खाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो, स्वतः किंवा संघटनेमार्फत. पूर्वी त्यासाठी बारा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. अधिकारी कापलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकतो. आणि कलम ५९ सांगते की असा दावा झाल्यावर देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे.

पण या कलमावर विसंबून स्वस्थ बसू नका. मालक यंत्राचा कागद पुढे करील. तेव्हा आपली पोच घेतलेली प्रत नसेल, तर आपल्यापाशी नुसती जीभच उरते. ज्या ठेकेदाराकडे आहेत त्यांनी अर्जाची एक प्रत ठेकेदाराला आणि एक कंपनीला द्यावी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर ती जबाबदारी कंपनीवर येते.

आणखी एक गोष्ट रोजची आहे. अंगठा लागला नाही, तर घरी गेल्यावर कॅलेंडरवर त्या तारखेखाली पाळी, टेबलाचा नंबर आणि वहीत नाव कोणी लिहिले ते लिहून ठेवा. महिन्याने पगाराची चिठ्ठी हातात येते, तेव्हा बारा तारखेला आपण कुठल्या टेबलावर होतो हे आठवत नाही. त्या बाईला आठवले, कारण तिच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ते लिहिलेले होते.