हजेरीपटावरचं नाव

नाशिकच्या एच. पी. टी. कॉलेजातून १९८४ साली बी. ए. झालेल्या आम्हा मुलामुलींचा मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी भरतो आहे. त्याचं आवतण द्यायला मी आले आहे.

आमचं कॉलेज १९२४ सालचं. कुसुमाग्रज इथलेच विद्यार्थी. पण कुसुमाग्रज या नावाने त्यांची हजेरी इथे कधी लागली नसणार, ती लागली असेल शिरवाडकर म्हणून. नावाचंच मला आज बोलायचं आहे.

गेले तीन महिने आम्ही चौघं जुनी यादी घेऊन माणसं शोधतो आहोत. मुलगे लवकर सापडले. आडनाव तेच, धाकटा भाऊ अजून पंचवटीत, नाहीतर दुकानावर तीच पाटी. मुलींपाशी मात्र सगळं अडलं. यादीत माहेरचं नाव, पत्ता वडिलांच्या वाड्याचा. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, आणि लग्नानंतर कित्येकींचं पहिलं नावसुद्धा बदललं. पाठवलेली पत्रं 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली. त्यातलं एक माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं होतं. तिचा नंबर सत्तावन्न. थंडीत सकाळच्या तासाला आम्ही दोघी एकाच शालीत बसायचो, आणि तिची हजेरी पुकारली की कोपराने मला ढोसून मग ती 'यस सर' म्हणायची.

म्हणून नावनोंदणी करताना एवढं करा. साध्या कागदावर आधी हजेरीपटावर होतं ते पूर्ण नाव लिहा, त्याखाली आजचं नाव, मग मुख्य विषय, आठवत असेल तर रोल नंबर आणि फोन. पाकिटावर 'मेळावा, १९८४' असं लिहून कॉलेजच्या पत्त्यावर पंधरा डिसेंबरपर्यंत पोहोचेल असं टाका. नाशकात असाल तर दर रविवारी दहा ते बारा आम्ही फाटकाशी टेबल मांडून बसतो, तिथे या. वर्गणी आत्ता पाठवू नका, ती मेळाव्याच्याच दिवशी घेऊ. मैत्रिणीचा ठावठिकाणा माहीत असेल, तर तिला विचारून तिचाही कागद भरा.

मेळावा कॉलेजच्याच सभागृहात आहे, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार. जेवण तिथेच. भाषणं ठेवलेली नाहीत. साडेनऊला जुन्या क्रमाने हजेरी होईल, तेव्हा वेळेवर या. जे आता नाहीत, त्यांचीही नावं पुकारू आणि क्षणभर थांबून पुढे जाऊ.

आणि सत्तावन्न नंबर, तू कुठे ऐकत असशील तर कागदावर माहेरचं नाव आधी लिही. शाल मी आणते आहे.