मणका केव्हा दबला?



साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाची कंबर एकाएकी धरली, उठता-बसता प्राण कंठाशी येऊ लागले, म्हणजे घरची मंडळी त्याला क्ष-किरण चित्र काढण्यास नेतात. चित्र येते आणि त्याखाली लिहिलेले असते की अमुक मणका दबलेला आहे. घरच्यांना वाटते, दुखण्याचे कारण हाती लागले. वस्तुतः त्या क्षणी एक प्रश्न नव्याने उभा राहिलेला असतो. मणका दबला आहे हे खरे. पण तो आज दबला, की पाच वर्षांपूर्वी केव्हातरी दबून, भरून येऊन, तसाच वाकडा राहिलेला आहे? सारा उपचार या उत्तरावर अवलंबून असतो, आणि साधे क्ष-किरण चित्र ते उत्तर अनेकदा देऊ शकत नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी मणक्याची घडण थोडी ध्यानात घेतली पाहिजे. मणक्याचा पुढला भाग एखाद्या ठेंगण्या डब्यासारखा असतो. बाहेरून हाडाचे पातळ कवच, आणि आत बारीक हाडकांच्या काड्यांची जाळी. या जाळीच्या पोकळीत मज्जा भरलेली असते. म्हातारपणी, विशेषतः स्त्रियांमध्ये, जाळीच्या काड्या झिजून विरळ होतात. मग एखादी बादली उचलताना, पावसाळ्यात फुगलेली खिडकी जोराने ढकलताना, कधी नुसते खोकताना डब्याची पुढली बाजू खचते आणि मणक्याला पाचरीचा आकार येतो. हातापायाचे हाड मोडले तर ते ओढून सरळ बसवता येते. मणका भरून येतो, पण खचलेली उंची आपोआप परत येत नाही. तो आकार जन्मभर राहतो. क्ष-किरणांना दिसतो तो हाच आकार, कारण क्ष-किरण हाडातील चुन्याची सावली पाडतात. सावलीवर तारीख लिहिलेली नसते!

अनुभवी डॉक्टर सावलीतूनही काही अनुमान काढतात, हे नाकारता येणार नाही. कवचाची कड कोठे तुटून पायरीसारखी झाली असेल, किंवा वरच्या पृष्ठाखाली काड्या एकमेकींत दाबल्या जाऊन पांढरा पट्टा उमटला असेल, तर दबणे ताजे असावे. कडा गुळगुळीत झाल्या असतील आणि शेजारच्या कोपऱ्यांवर हाडाच्या चोची वाढल्या असतील, तर ते जुने असावे. परंतु हाडे फार विरळ झालेल्या वृद्धांत या खुणा इतक्या पुसट असतात की दोन जाणकारांचे एकमत होणे कठीण. शिवाय अगदी पहिल्या दिवसांत कधीकधी मणक्याची उंची मुळीच कमी झालेली नसते, आणि चित्र निर्दोष दिसते. काही मणके आडवे झोपवून काढलेल्या चित्रात जरा उघडतात व उभे राहिल्यावर दबतात, तेही हुकते.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा वडोदऱ्याच्या नदीकाठच्या एका वस्तीत पाणी घरात शिरू लागले. आमच्या परिचयातील चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका मावशींनी कपड्यांची लोखंडी पेटी एकटीनेच उचलून खाटेवर ठेवली. त्याच वेळी पाठीत कट्कन झाले. पाणी ओसरेपर्यंत त्यांनी कळ सोसली, आणि आठवड्याने क्ष-किरण चित्र निघाले. त्यात एक नव्हे, दोन मणके दबलेले दिसले. छातीच्या मणक्यांपैकी शेवटचा, म्हणजे बारावा, आणि त्याच्या खालचा, कमरेचा पहिला. छातीचा ताठ कणा आणि कमरेचा लवचीक कणा जेथे जुळतात तो हा सांधा. भार येथेच एकवटतो, म्हणून असे मणके बहुधा येथेच दबतात.

डॉक्टरांनी पट्टी लावून उंची मोजली. बाराव्या मणक्याची मागची कड २५ मिलिमीटर, तर पुढची अवघी १५. म्हणजे शेकडा ४० उंची गेलेली. कमरेच्या पहिल्याची मागची कड २७, पुढची २१. म्हणजे शेकडा २२ च्या आसपास. चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाचे बोट साहजिकच बाराव्यावर गेले. जो अधिक चेपलेला तो अपराधी, असा आपला सहज न्याय असतो. परंतु डॉक्टरांनी मावशींना कुशीवर वळवून एकेका मणक्यावर मुठीने हलकेच ठोकून पाहिले.

“माजी, इथे दुखते?”

“तिथं नाही, बाळा. त्याच्या खाली.”

मूठ बोटभर खाली सरकताच त्या कळवळल्या. या साध्या तपासणीची किंमत फार मोठी आहे. तरीही एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण कळ वरच्या मणक्याची असून जाणवते खाली, असेही घडते. म्हणून एमआरआय करावयाचे ठरले.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. रोगी एका मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात निजतो. नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. आपल्या शरीरातील पाणी आणि चरबी या दोहोंत हायड्रोजनचे अणू विपुल आहेत. चुंबकाच्या क्षेत्रात त्यांची केंद्रके रेडिओ-लहरींना विशिष्ट प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादावरून चित्र तयार होते. अर्थात हे चित्र चुन्याचे नव्हे. ते मणक्याच्या पोकळीतील मज्जेचे आहे, आणि आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली तेथेच आहे.

वृद्धाच्या मणक्यातील मज्जा बव्हंशी चरबीची बनलेली असते. ‘टी-१’ नावाच्या चित्रप्रकारात चरबी उजळ दिसते. मणका ताजा दबला की आत रक्त व पाणी साचते, चरबी त्यात बुडते, आणि त्या जागी काळपट छाया येते. दुसरा प्रकार ‘स्टिर’ म्हणून ओळखला जातो. त्यात चरबीचा प्रतिसाद हेतुतः दाबून टाकतात. वर्गात मोठ्याने बोलणारा बाक गप्प केला की मागच्या बाकावरील कुजबुज ऐकू यावी, तसे चरबी गप्प केल्यावर पाणी तेवढे शुभ्र चमकते. म्हणून ‘टी-१’ मध्ये काळपट आणि ‘स्टिर’ मध्ये पांढरा असलेला मणका ताजा. जुना मणका भरून आल्यावर त्यातील पाणी शोषले जाते व चरबी परत येते. मग आकार कितीही वाकडा असो, दोन्ही चित्रांत त्याचा रंग शेजारच्या निरोगी मणक्यांसारखा असतो.

मावशींच्या चित्रांत हेच दिसले. बारावा मणका, ज्याच्यावर सर्वांचे बोट होते, तो रंगाने अगदी शेजाऱ्यांसारखा होता. कमरेचा पहिला मात्र ‘टी-१’ मध्ये काळवंडलेला व ‘स्टिर’ मध्ये पांढरा होता, आणि त्याच्या वरच्या पृष्ठाला समांतर अशी एक बारीक काळी रेघ, म्हणजे खुद्द मोडीची रेघ, गेलेली होती. पेटीने दबला तो हा. पुढे घरातील माळ्यावर २०१९ सालचे एक क्ष-किरण चित्र सापडले. त्यात बारावा तसाच दबलेला होता आणि कमरेचा पहिला धड होता. साडी अलीकडे लांब पडते, असे मावशी दोन-तीन वर्षे म्हणत होत्या, त्याचाही उलगडा झाला. हे चित्र आधी मिळते तर बाराव्याचा प्रश्न विनाखर्च सुटला असता. तथापि पहिला मणका मधल्या पाच वर्षांत नेमका केव्हा दबला, हे जुने चित्र सांगू शकले नसते. ते पाण्यानेच सांगितले.

या तपासणीचा दुसरा उपयोगही सांगितला पाहिजे. वृद्धाचा मणका केवळ विरळपणाने दबतो असे नाही. आत कर्करोगाची गाठ असेल तरी तो दबतो, आणि आपल्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो. विरळपणाने दबलेल्या मणक्यात बहुधा चरबीचा थोडा भाग शिल्लक दिसतो. गाठ असेल तर सबंध मणका काळवंडतो, मागची कड फुगून मज्जारज्जूकडे येते, आणि मागच्या कमानीपर्यंत विकार पोचतो. क्षयात पुष्कळदा दोन लगतचे मणके आणि त्यांच्यामधली चकती एकदमच खाल्ली जाते व शेजारी पू साठतो. क्ष-किरण चित्रात हे सारे उशिरा दिसते. अर्थात शंका उरली तर सुईने तुकडा काढून पाहावा लागतो.

मर्यादा काही थोड्या नाहीत. मणक्यातील पाणी पुष्कळांत तीनेक महिन्यांत ओसरते, पण कित्येकांत त्याहून अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे पांढरा रंग ‘अलीकडे’ एवढेच सांगतो, तारीख सांगत नाही. झिजलेल्या चकतीलगतही असाच पांढरेपणा येतो. म्हणून रंग, आकार व ठोकल्यावर उठणारी कळ ही तिन्ही जुळली पाहिजेत. मणके मोजण्यातही चूक होते. कोणास कमरेचे पाचांऐवजी सहा मणके असल्यासारखे दिसतात, आणि एका चित्रातला बारावा दुसऱ्यात पहिला ठरतो! याकरिता सबंध कण्याचे एक उभे चित्र मागून घ्यावे. वर आणखी एखादा ताजा मणका असेल तर तोही सापडतो. हृदयात पेसमेकर असल्यास आधी कळवावे, कारण तो या चुंबकास चालणारा आहे की नाही हे पाहावे लागते. वीस-तीस मिनिटे उताणे निश्चल पडणे ताज्या मोडीत फार कठीण जाते. म्हणून वेदनाशामक औषध कसे व केव्हा द्यावे, हे डॉक्टरांस विचारून ठेवावे. हालचालीने चित्र अस्पष्ट झाले तर सारा खर्च वाया.

उत्तराने उपचार बदलतो तो असा. कमरेचा पहिला ताजा ठरल्यामुळे मावशींना वेदनाशामक औषध व कमरपट्टा मिळाला, आणि तीन-चार दिवसांच्या विश्रांतीनंतर चालविण्यास सुरुवात झाली. दीर्घकाळ खाटेवर पडून राहिल्यास हाडे आणि स्नायू अधिकच झिजतात. दोन्ही मणके जुने ठरते, तर पाठीचे कारण अन्यत्र शोधावे लागले असते. सुईने मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रियाही कोणी सुचविली होती. जुन्या, भरून आलेल्या मणक्यात तिचा काहीच उपयोग नाही. ताज्यातही, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, सिमेंट भरल्याचा केवळ देखावा केलेल्या रोग्यांपेक्षा खरोखर सिमेंट भरलेल्यांना अधिक आराम पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी थांबावयाचे ठरविले, आणि सात-आठ आठवड्यांत कळ पुष्कळ उतरली.

जुना मणका मात्र निरुपद्रवी म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मणका नुकताच दबलेल्या वयस्क स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीचा आणखी एक मणका पुढच्या वर्षभरात दबला असे आढळले. २०१९ सालच्या त्या चित्रानंतर कोणी हाडांच्या विरळपणावर औषध सुरू केले नव्हते. ते आता, ‘ड’ जीवनसत्त्व तपासून, सुरू झाले आहे. तीन महिन्यांनी काढलेल्या चित्रात पहिल्या मणक्याची पुढची कड २१ वरून १९ मिलिमीटरवर आलेली दिसली. भरून येईपर्यंत तो थोडा आणखी खचणे अपेक्षितच होते. ते चित्र आणि माळ्यावरचे जुने चित्र आता एकाच पाकिटात, तारखा घालून ठेवलेले आहे.