डिगॉक्सिनची रोजची गोळी आणि शरीरातील स्थिर पातळी

डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. दर तासाला ठरावीक मिलिग्रॅम बाहेर जातात असे नाही. शरीरात त्या घडीला जेवढे औषध असेल त्याचा ठरावीक हिस्सा जातो. साठा मोठा तर उत्सर्जन जास्त, साठा लहान तर कमी. यालाच प्रथम कोटीचे उत्सर्जन म्हणतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर डिगॉक्सिनचा अर्धायुकाल, म्हणजे साठा निम्मा होण्यास लागणारा वेळ, साधारण ३६ तास असतो. त्या हिशेबाने २४ तासांनी ६३ टक्के औषध शिल्लक राहते.

एका गोळीतून शरीरात शिरणारे औषध १०० भाग मानू. दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळीचे ६३ भाग उरलेले असतात, त्यांत नवे १०० मिळून १६३ होतात. तिसऱ्या दिवशी २०३, चौथ्या दिवशी २२८, पाचव्या दिवशी २४३. वाढ रोज होते, पण रोज आधीपेक्षा कमी होते. २७० भागांपाशी ती थांबते, कारण २७० चे ३७ टक्के म्हणजे १००: दिवसभरात जेवढे जाते तेवढेच दुसऱ्या दिवशी येते. आठवडाभरात साठा या पातळीच्या ९६ टक्क्यांपर्यंत पोचतो. गोळी दुप्पट केली तर स्थिर पातळी दुप्पट होईल, पण तिथे पोचायला लागणारा वेळ तोच राहील. तो केवळ अर्धायुकालावर ठरतो. चार-पाच अर्धायुकाल लागतात. तेवढे थांबणे परवडत नसेल तेव्हा सुरुवातीलाच मोठी मात्रा, तीही विभागून, देतात. पुढची पातळी मात्र रोजची गोळीच ठरवते.

खरी फसगत मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात होते. समजा, त्याचा अर्धायुकाल चार दिवसांचा आहे. मग रोज ८४ टक्के औषध उरते आणि त्याच गोळीने साठा सुमारे ६३० भागांपर्यंत चढतो. सातव्या दिवशी तो जेमतेम ४४० च्या आसपास असतो. त्या दिवशीचा रक्ताचा अहवाल पाहून समाधान मानले, तर चढण अजून बाकी आहे हे ध्यानात येत नाही. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, वस्तू पिवळसर दिसणे, नाडी मंद किंवा अनियमित होणे ही विषबाधेची लक्षणे मग आणखी काही दिवसांनी उमटतात. अशा रुग्णाची मात्रा मुळातच कमी ठेवावी लागते.

रक्ताचा नमुना केव्हा घेतला यालाही महत्त्व आहे. गोळीनंतर लगेच रक्तातले प्रमाण फसवे जास्त दिसते, कारण औषध अजून ऊतींमध्ये उतरलेले नसते. म्हणून किमान सहा तास जाऊ देतात. हे गणित सगळ्याच औषधांना लागू पडत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइनचे विघटन करणारी यकृतातील विकरे नेहमीच्या मात्रेतच जवळजवळ पूर्ण गुंतलेली असतात, त्यामुळे तिथे मात्रा थोडी वाढवली तरी पातळी फार उसळते आणि एकच एक अर्धायुकाल सांगता येत नाही.